टाइमलाइनमधली वर्तुळे सोडवताना: कोणता बाण काढायचा आणि कोणते काम फोडायचे

प्रश्न: शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीत एका नव्या पंप हाउसिंगच्या कास्टिंगचे काम सुरू आहे. सगळी कामे ट्रॅकरमध्ये टाकून एकमेकांना जोडली, पण टाइमलाइनवर काही बाण उलटे मागे जातात आणि एक तारीख बदलली की बाकीच्या भलतीकडेच सरकतात. एकजण म्हणतो की वर्तुळ झाले आहे, कुठलाही एक बाण काढून टाका. कोणता काढू?

उत्तर:

आपल्या सहकाऱ्याचे निदान बरोबर आहे, पण उपाय धोक्याचा आहे. वर्तुळातला कोणताही एक बाण काढला की चित्र सरळ होते हे खरे. मात्र तो बाण खरा असेल, तर काम प्रत्यक्ष तिथे अडणारच असते आणि ते अडणार आहे हे सांगणारी एकमेव खूण आपण पुसलेली असते. म्हणून कोणता बाण काढावा हे विचारण्याआधी प्रत्येक बाणावरून नेमके काय हस्तांतरित होते, हे विचारावे लागते. कागद, आकडा, मंजुरी किंवा हातात धरता येईल असा एखादा भाग, यांपैकी काहीतरी एका कामातून निघून दुसऱ्या कामात गेलेच पाहिजे. तसे काही सांगता येत नसेल, तर तो बाण मुळात अवलंबन दाखवतच नाही.

वर्तुळ झाल्यावर काय दिसेल हे साधनावर अवलंबून असते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारखे वेळापत्रकाचे साधन वर्तुळ पूर्ण करणारी लिंक स्वीकारतच नाही. जिरासारख्या ट्रॅकरमध्ये `blocks` ही लिंक म्हणजे मुळात दोन नोंदींमधला एक शेरा असतो, त्यामुळे वर्तुळ निमूटपणे साठवले जाते आणि टाइमलाइनवर मागे जाणाऱ्या रेषा दिसू लागतात. पुढच्या कामांच्या तारखा आपोआप ढकलणारी सोय चालू असेल, तर त्यात आणखी भर पडते. पहिले काम दुसऱ्याला ढकलते, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटचे पुन्हा पहिल्याला. साधन ही साखळी कुठेतरी थांबवते, पण कुठे थांबवते यावर दिसणाऱ्या तारखा ठरतात. आपल्या तारखा भलतीकडे सरकण्याचे कारण बहुधा हेच असावे.

त्यामुळे सर्वप्रथम ती आपोआप ढकलण्याची सोय बंद करा आणि आजच्या सर्व तारखा वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवा. वर्तुळ सुटल्यावर ढकललेल्या तारखा स्वतःहून जागेवर येत नाहीत, कारण पुढे ढकलणे जसे आपोआप होते तसे मागे ओढणे बहुतेक ठिकाणी होत नाही. लिंका नीट होईपर्यंत तारखांना हात लावू नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या, तर कशामुळे काय हलले हे नंतर कळत नाही.

आता वर्तुळ शोधण्याकडे वळू. टाइमलाइनकडे टक लावून पाहिल्याने ते सापडत नाही, कारण तिथे खरे बाण आणि चुकीचे बाण सारखेच दिसतात. स्प्रेडशीटमध्ये दोन स्तंभांचा तक्ता करा: पहिल्या स्तंभात आधीचे काम आणि दुसऱ्यात नंतरचे काम, एका लिंकला एक ओळ. आपल्या कास्टिंगसाठी तो साधारण असा असेल. मी नेहमीच्या क्रमावरून अंदाजाने मांडतो आहे, आपल्याकडची नावे वेगळी असू शकतील.

```
ग्राहक-ड्रॉइंग     कास्टिंग-ड्रॉइंग
कास्टिंग-ड्रॉइंग   पॅटर्न
पॅटर्न            सॅम्पल
सॅम्पल            तपासणी
सॅम्पल            फिक्श्चर
फिक्श्चर          कास्टिंग-ड्रॉइंग
तपासणी            पॅटर्न
फिक्श्चर          मशिनिंग-ट्रायल
मशिनिंग-ट्रायल    ग्राहक-मंजुरी
```

यानंतर तक्ता दोन्ही टोकांकडून सोलत न्यायचा. ज्या ओळीतले आधीचे काम दुसऱ्या स्तंभात कुठेच येत नाही, ती ओळ पुसायची, कारण त्या कामाला कोणाचीच वाट पाहायची नाही आणि ते वर्तुळात असूच शकत नाही. तसेच ज्या ओळीतले नंतरचे काम पहिल्या स्तंभात कुठेच येत नाही, तीही पुसायची. एक फेरी झाली की नव्या ओळी पुसण्याजोग्या होतात, म्हणून काहीच पुसता येईनासे होईपर्यंत फेऱ्या करत राहायचे. ओळी थोड्या असतील तर हे डोळ्यांनी होते. जास्त असतील तर शेजारी ही दोन सूत्रे लिहून खाली ओढावीत आणि जिथे शून्य येईल ती ओळ काढावी.

```
=COUNTIF(B:B,A2)
=COUNTIF(A:A,B2)
```

वरच्या तक्त्यात ग्राहकाच्या ड्रॉइंगची पहिली ओळ लगेच निघते. दुसऱ्या टोकाकडून ग्राहक-मंजुरीची ओळ निघते आणि तिच्यामागोमाग मशिनिंग ट्रायलची. मग सहा ओळी उरतात आणि त्या काही केल्या निघत नाहीत. त्या कागदावर मांडल्या की एक नव्हे, दोन वर्तुळे दिसतात. पहिले कास्टिंग ड्रॉइंग, पॅटर्न, सॅम्पल, फिक्श्चर आणि पुन्हा कास्टिंग ड्रॉइंग असे फिरते. दुसरे पॅटर्न, सॅम्पल, तपासणी आणि पुन्हा पॅटर्न असे. लिनक्सचे यंत्र हाताशी असेल, तर हाच तक्ता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवून `tsort links.txt` ही आज्ञा दिली तरी चालते. वर्तुळ असल्यास `input contains a loop` असा संदेश येतो आणि त्याखाली त्यातली नावे येतात. तरीही पहिल्यांदा हाताने सोलण्याचा माझा आग्रह असतो, कारण पुसताना प्रत्येक ओळ एकदा तरी वाचली जाते.

आता ही दोन वर्तुळे नीट पाहा. पॅटर्नकडून सॅम्पलकडे जाणारा बाण दोन्हींत सामाईक आहे. जो सगळ्यात कमी बाण काढून चित्र सरळ करू पाहील, तो नेमका हाच काढेल, कारण एका फटक्यात दोन्ही वर्तुळे सुटतात. पण त्या तक्त्यातला सगळ्यात खरा बाण तोच आहे. पॅटर्नशिवाय साचा होत नाही आणि साच्याशिवाय ओतकाम होत नाही. तो काढला की टाइमलाइन पॅटर्न शॉपमधून पॅटर्न यायच्या आधीच सॅम्पल ओतण्याची तारीख दाखवेल, आणि ट्रॅकर त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही.

म्हणून प्रत्येक बाणावरून काय जाते ते लिहून पाहू. कास्टिंग ड्रॉइंगकडून पॅटर्नकडे मापे जातात, पॅटर्नकडून मोल्डिंगकडे प्रत्यक्ष पॅटर्न आणि कोअर बॉक्स जातात. सॅम्पलकडून फिक्श्चरकडे ओतलेला नग जातो. फिक्श्चरकडून कास्टिंग ड्रॉइंगकडे काय जाते, हा खरा प्रश्न आहे. हा प्रश्न मशीन शॉपमधल्या माणसाला विचारा, नियोजन करणाऱ्याला नव्हे. उत्तर बहुधा असे येईल की नग कोणत्या पृष्ठांवर टेकणार, कुठे दाबला जाणार आणि तिथे मशिनिंगसाठी किती धातू जास्त ठेवायचा, हे कास्टिंग ड्रॉइंग करणाऱ्याला आधी कळले पाहिजे. म्हणजे तिकडून तयार फिक्श्चर जात नाही, जातो तो एक निर्णय. तो घेण्यासाठी ओतलेला नग लागत नाही. ग्राहकाचे ड्रॉइंग पुरते.

वर्तुळाचे मूळ इथे सापडते. ‘फिक्श्चर’ या एका नावाखाली ट्रॅकरमध्ये तीन वेगळ्या वेळी होणारी कामे कोंबली आहेत. टेकण्याच्या जागा ठरवणे हे पहिले काम, आणि ते ग्राहकाच्या ड्रॉइंगनंतर लगेच होते. फिक्श्चर बनवणे हे दुसरे, ते कास्टिंग ड्रॉइंग पक्के झाल्यावर सुरू करता येते. तिसरे काम म्हणजे प्रत्यक्ष नग लावून फिक्श्चर जुळवणे. ओतलेला नग लागतो तो फक्त याच कामाला. ही तीन कामे वेगळी केली की बाण आपोआप सरळ होतात: जागा ठरवण्याकडून कास्टिंग ड्रॉइंगकडे, तिथून एका बाजूने पॅटर्नकडे आणि दुसऱ्या बाजूने फिक्श्चर बनवण्याकडे, आणि पुढे सॅम्पल व फिक्श्चर हे दोन्ही मिळून जुळवणीकडे. एकही खरा बाण काढावा लागत नाही.

टेकण्याच्या जागा ठरवण्याचे काम छोटे दिसते म्हणून ते वेगळे दाखवायला लोक तयार होत नाहीत. पण पहिल्या पृष्ठावर तीन, दुसऱ्यावर दोन आणि तिसऱ्यावर एक असे सहा बिंदू निवडताना मोल्डिंगवाला शेजारी बसलेला असावा लागतो. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात त्या पार्टिंग लाइनवर टेकण्याची जागा आली, तर तिथल्या फ्लॅशमुळे प्रत्येक नग थोडा वेगळा बसतो. रनर किंवा रायझर तोडलेल्या जागेचेही तसेच. हा निर्णय पॅटर्न झाल्यावर बदलायचा म्हणजे पॅटर्नच बदलायचा. त्यामुळे त्या एका बैठकीला स्वतःची नोंद, स्वतःची तारीख आणि स्वतःचा जबाबदार माणूस असलाच पाहिजे.

कामे फोडण्याचा वेळापत्रकावर काय परिणाम होतो हेही उदाहरणाने पाहू. आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. आपले आपण घाला. जागा ठरवणे १ दिवस, कास्टिंग ड्रॉइंग ४, पॅटर्न १५, सॅम्पल ५, फिक्श्चर बनवणे १२ आणि जुळवणी २ दिवस असे धरा. फिक्श्चरचे सगळे काम सॅम्पलनंतर केले, तर जुळवणी ३९व्या दिवशी संपते. कामे फोडल्यावर फिक्श्चर बनवणे पॅटर्नच्या जोडीने ६व्या दिवशी सुरू होऊन १७व्या दिवशी संपते, सॅम्पल २५व्या दिवशी हाती येते आणि जुळवणी २७व्या दिवशी संपते. बारा दिवस वाचतात, शिवाय फिक्श्चरच्या कामाला आठ दिवसांची सवड राहते. वर्तुळ होते तोवर ही सवड कोणालाच दिसत नव्हती.

दुसरे वर्तुळ वेगळ्या जातीचे आहे. तपासणीकडून पॅटर्नकडे जाणारा बाण खोटा नाही. सॅम्पलमध्ये माप चुकले किंवा आत पोकळी सापडली की पॅटर्न किंवा रनर-रायझर खरोखर बदलावे लागतात. फक्त तो बाण ज्या पॅटर्नकडे जातो, ते पॅटर्न बनवण्याचे काम नसून दुरुस्तीचे काम आहे. इथे एकाच नावाखाली दोन फेऱ्या दडलेल्या आहेत. त्या उलगडून लिहायच्या: पॅटर्न बनवणे, पहिले सॅम्पल, पहिली तपासणी, पॅटर्न दुरुस्ती, दुसरे सॅम्पल, दुसरी तपासणी. फेऱ्या किती धरायच्या हे परिस्थितीवर अवलंबून आहे. जाडी एकसारखी असलेल्या साध्या नगाला एक दुरुस्ती पुरे धरता येते. पंप हाउसिंगसारख्या कोअर असलेल्या आणि जाड-पातळ भिंतींच्या नगाला मी दोन धरतो. ठरवलेल्यापेक्षा जास्त फेरी लागली तर तेव्हाच नव्या नोंदी कराव्यात. आधीच जादा रिकाम्या फेऱ्या टाकून ठेवल्या, तर शेवटची तारीख पाहून ग्राहकही घाबरतो आणि आपली माणसेही त्या तारखेवर विश्वास ठेवेनाशी होतात.

क्वचित असेही होते की काम फोडूनही वर्तुळ सुटत नाही, कारण दोन निर्णय खरोखर एकमेकांवर टेकलेले असतात. समजा, टेकण्याच्या जागा ठरवायला मशिनिंगसाठी किती धातू सोडला आहे ते हवे, आणि किती सोडायचा हे ठरवायला टेकण्याच्या जागा हव्या. अशा वेळी एक बाजू गृहीत धरून पुढे जावे लागते. कोणती बाजू गृहीत धरायची याची माझी कसोटी अशी: अंदाज चुकला तर जिथे दुरुस्ती स्वस्तात होते ती. पॅटर्नच्या बाबतीत ही दिशा अगदी स्पष्ट आहे. मशिनिंगची जाडी थोडी जास्त धरली आणि नंतर कमी करायची ठरली, तर पॅटर्नवरून धातू किंवा लाकूड घासून काढायचे असते. आतल्या छिद्राच्या बाजूलाही तसेच, कारण कोअर बॉक्स आतून कोरला की कोअर मोठा होतो आणि छिद्रातला जादा धातू कमी होतो. उलट जाडी कमी धरली आणि वाढवायची वेळ आली, तर पॅटर्नवर भर घालावी लागते. ते काम कटकटीचे असते आणि भर दिलेली जागा पुढे टिकेलच असे नसते. म्हणून ३ की ४ मिलिमीटर असा प्रश्न असेल, तर ४ गृहीत धरून पुढे जावे.

गृहीत धरलेली गोष्ट मात्र ट्रॅकरमध्ये दिसलीच पाहिजे. ‘मशिनिंगसाठी ४ मिलिमीटर धरले आहेत, पहिल्या तपासणीत खात्री करायची’ अशी नोंद कास्टिंग ड्रॉइंगच्या कामात लिहावी आणि खात्री करण्याचे छोटे काम पहिल्या तपासणीनंतर लावावे. जो बाण आपण जाणूनबुजून सोडून दिला, त्याची जागा हे काम घेते. असे न करता बाण नुसता काढला, तर काही महिन्यांनी नवीन आलेला माणूस तोच बाण प्रामाणिकपणे पुन्हा जोडतो आणि वर्तुळ परत येते.

आणखी एका जागी वर्तुळ लपते, आणि वरच्या तक्त्यात ते दिसतही नाही. ट्रॅकरमध्ये कामांचे गट असतात, आणि लिंक कधी कामाला तर कधी अख्ख्या गटाला दिलेली असते. समजा, ‘ग्राहक मंजुरी’ या गटात पहिली तपासणी, दुसरी तपासणी आणि अहवाल पाठवणे ही तीन कामे आहेत, आणि कोणीतरी दुसऱ्या सॅम्पलकडून या अख्ख्या गटाकडे बाण काढला आहे. याचा अर्थ गटातले प्रत्येक काम दुसऱ्या सॅम्पलनंतर, म्हणजे पहिली तपासणीसुद्धा. पण पहिल्या तपासणीनंतर दुरुस्ती आणि दुरुस्तीनंतर दुसरे सॅम्पल आहे. वर्तुळ पूर्ण झाले, आणि तरीही कामाकामांतले बाण पाहिले तर सगळे सरळ दिसतात. सोलून तक्ता रिकामा झाला पण टाइमलाइन अजून गोंधळलेली आहे, असे दिसले तर शंका इथे घ्यावी. गटाला दिलेली प्रत्येक लिंक त्यातल्या एकेका कामाच्या ओळींत उलगडून तक्त्यात घालावी आणि पुन्हा सोलावे. सापडले की गटाची लिंक काढून, ज्याला ती खरोखर लागू आहे त्याच कामाला द्यावी. या उदाहरणात दुसऱ्या तपासणीला.

सगळ्यात सोपा प्रकार मुद्दाम शेवटी ठेवला आहे. कधी कधी वर्तुळ केवळ उलट्या लिंकमुळे असते: `blocks` च्या जागी `is blocked by` निवडले गेलेले असते. बाणावरून काय जाते हे विचारताच ती चूक लगेच कळते, कारण वस्तू उलट दिशेने जाताना दिसते. तसेच ‘या दोन कामांचा संबंध आहे’ एवढेच सांगायचे असताना अडवणारी लिंक दिलेली असते. ती बदलून `relates to` करावी. आपल्या तक्त्यात अशा ओळी निघाल्या तर त्या आधी दुरुस्त करा, म्हणजे फोडण्याचा विचार फक्त खऱ्या वर्तुळांसाठी उरेल.

काही साधनांत एक पळवाट मिळते: दोन कामे एकदम सुरू करून त्यांत काही दिवसांचे अंतर ठेवणे. पॅटर्न सुरू झाल्यावर सहा दिवसांनी फिक्श्चर, अशा प्रकारे. ते सोयीचे वाटते, पण त्या सहा दिवसांत नेमके काय तयार होणार हे तिथे कुठेच लिहिलेले नसते. पॅटर्न शॉपला उशीर झाला तरी सहावा दिवस उजाडतो आणि फिक्श्चरचे काम सुरू झाल्याचे दिसते. पहिल्या टप्प्यात काय तयार होते ते सांगता येत असेल, तर त्याचे वेगळे काम करावे. मी अंतराची लिंक रंग वाळण्यासारख्या निव्वळ वेळ जाण्याच्या गोष्टीसाठीच वापरतो.

लिंका दुरुस्त झाल्या की तक्ता पुन्हा दोन्ही टोकांकडून सोला. एकही ओळ उरता कामा नये. मग उतरवून ठेवलेल्या तारखांपैकी ज्या बाहेरून ठरलेल्या आहेत, म्हणजे ग्राहकाचे ड्रॉइंग मिळाल्याची आणि मंजुरी देण्याची, त्या आधी भरा आणि बाकीच्या कालावधीवरून येऊ द्या. यानंतर ढकलण्याची सोय चालू करून एक चाचणी घ्या. पॅटर्नचा शेवट दोन दिवस पुढे न्या. सॅम्पल, जुळवणी आणि ट्रायल दोन-दोन दिवस सरकली पाहिजेत. फिक्श्चर बनवणे जागचे हलता कामा नये, कारण ते पॅटर्नवर अवलंबून नाही. कास्टिंग ड्रॉइंग हलले, तर मागे जाणारा एखादा बाण अजून शिल्लक आहे असे समजून गटांच्या लिंका पुन्हा पाहाव्यात. चाचणी झाली की पॅटर्नची तारीख आणि तिच्यामुळे सरकलेल्या तारखा हाताने पूर्ववत करायला विसरू नका.

आपल्याकडे पॅटर्न शॉप आणि मशीन शॉप बहुधा बाहेरचे असतात, एखादे उद्यमनगरात, एखादे गोकुळ शिरगावला, आणि ती मंडळी आपला ट्रॅकर उघडत नाहीत. त्यामुळे फोडलेल्या कामांची यादी एकदा त्यांना दाखवा आणि प्रत्येक बाणापुढे लिहिलेली वस्तू त्यांच्याकडून तपासून घ्या. ‘फिक्श्चर बनवायला आम्हाला नग लागत नाही, पण कोअर बॉक्सचे ड्रॉइंग मात्र लागते’ अशा प्रकारचा एखादा बाण तिथेच नव्याने सापडतो. तो तक्त्यात घालून पुन्हा एकदा सोलून पाहा, आणि मगच तारखा ग्राहकाला कळवा.